नव्या वेबसाईटबद्दल आपल्या माणसांपुढे काय बोलायचं? कोकणातल्या घरच्या धंद्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

कोकम, काजू, आंबा पोळी, मसाले असा माल करणाऱ्या घरच्या धंद्यांच्या वेबसाईटचं काम मी सिंधुदुर्ग-रत्नागिरीत करते. साईट तयार झाली की मालकांचा पुढचा फोन हमखास येतो: "आता आमच्या माणसांना हे सांगायचं कसं? चार शब्द लिहून द्या ना." त्या फोनवर जे प्रश्न येतात तेच इथे घेतले आहेत. उदाहरणाला सगळीकडे एकच धंदा धरला आहे. वेंगुर्ल्याकडचं घर, रस्त्याला लागून दुकान, मागे खळं आणि गोडाऊन. थोरले काका मालक, साईट बघणारा त्यांचा पुतण्या, काउंटरवर वहिनी, गोडाऊनला तात्या, पॅकिंगला चार बायका आणि एक टेम्पोवाला.

भाषण कशाबद्दल असावं? साईटबद्दलच ना?

साईटबद्दल पाच मिनिटं पुरतात. मालक सुरुवात करतात ती साईटवरच्या फोटोंपासून आणि "आता आपला माल जगभर जाणार" इथपासून. समोर बसलेल्या माणसाच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट चालू असते, की उद्या सकाळी आल्यावर मला वेगळं काय करायचं आहे. त्याचं उत्तर मिळेपर्यंत बाकीचं त्याच्या कानावरून जातं.

बैठक संपली की तात्यांना बाजूला घेऊन विचारा, "उद्यापासून तुमचं काय बदललं?" त्यांना ते एका वाक्यात सांगता आलं तर भाषण जमलं. "मोबाईलवर दुकान काढलंनी" एवढंच सांगितलं, तर पुन्हा बोलावं लागेल.

बोलायचं कोणी? काकांनी की पुतण्याने?

दोघांनी, पण क्रम ठरलेला हवा. आधी काका दोन-तीन मिनिटं बोलतात, मग पुतण्या. काकांच्या त्या तीन मिनिटांत दोन वाक्यं आलीच पाहिजेत. पहिलं, साईटच्या ऑर्डरीबाबत शेवटचा शब्द पुतण्याचा. दुसरं त्याहून अवघड: "साईटसाठी काढून ठेवलेला माल मी स्वतःसुद्धा परस्पर उचलणार नाही."

दुसऱ्या वाक्याला मालक बिचकतात. त्यांना वाटतं, आपल्याच गोडाऊनमधला माल उचलायला आपल्यालाच बंदी कशाला? पण घरच्या धंद्यात आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच. मुंबईहून जुन्या ओळखीच्या गिऱ्हाइकाचा थेट काकांना फोन येतो, "माझ्या डझनभर बाटल्या ठेव रे, शनिवारी येतोय." काका खळ्यातूनच तात्यांना हाक मारून सांगतात आणि बाटल्या बाजूला निघतात. पुतण्याला पत्ता नसतो, साईटला तर नसतोच. तात्या काकांना नाही म्हणणार नाहीत, तीस वर्षांत म्हटलेलं नाही. म्हणून तशी वेळच येऊ नये याची हमी काकांनी सगळ्यांसमोर द्यायची असते. पुतण्याने हे सांगून उपयोग नाही. त्याच्या तोंडी ते काकांवरची तक्रार वाटते.

साठ्याच्या आकड्यावर एवढा भर का?

साईट फक्त आकडा बघते, गोडाऊन तिला दिसत नाही. दुकानातली वहिनी मान वळवून मांडणीकडे बघते आणि "चारच राहिल्यात हो" म्हणते. साईटला ती सोय नाही. तिला ४० सांगितलं की ती ४० विकेपर्यंत विकत राहते.

आगळाचंच घ्या. गोडाऊनला ४० बाटल्या आहेत आणि साईटवर ४० टाकल्या. रविवारी गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या दुकानापुढे थांबल्या आणि काउंटरवरून १४ बाटल्या गेल्या. साईटवर अजून ४०च दिसतात. रात्री पुण्यातल्या एका महिला मंडळाने ३० बाटल्या मागवल्या आणि पैसेही भरले. सोमवारी तात्या मोजतात तर २६. चार कमी. आणि आगळ म्हणजे चहा नव्हे, की पुन्हा आधण ठेवलं. रातांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये, पाऊस सुरू झाला की हंगाम संपला. ऑगस्टमध्ये चार बाटल्या कुठून आणणार? मग फोन करा, माफी मागा, चार बाटल्यांचे पैसे परत करा. मंडळातल्या तीस जणींमध्ये वाटायच्या बाटल्या सव्वीस पोचल्या, तर तिथे तुमच्याबद्दल काय बोललं जाईल ते वेगळं सांगायला नको.

यावर मी सुचवते तो उपाय साधा आहे आणि भाषणाचा निम्मा वेळ त्यालाच द्यावा. गोडाऊनमध्ये साईटच्या मालाची मांडणी वेगळी करायची. ४० पैकी २४ दुकानाला, १६ साईटच्या मांडणीवर, आणि साईटवर आकडा १६. दुकानातल्या २४ कशाही विकल्या तरी साईटला धक्का लागत नाही. दुकानाला कमी पडल्या आणि साईटच्या हव्या झाल्या तर चिठ्ठी लिहायची: माल, नग, तारीख, सही. त्यातही क्रम महत्त्वाचा. मांडणीवरून माल काढायचा असेल तर आधी साईटवरचा आकडा खाली, मग माल बाहेर. नवा माल ठेवायचा असेल तर आधी माल मांडणीवर, मग आकडा वर. उलटं केलं तर मधल्या दहा मिनिटांत ऑर्डर येते आणि नसलेला माल विकला जातो.

सकाळी मोजणी करायची म्हणजे कशाशी ताडून बघायचं? मांडणीवरचे नग आणि साईटचा आकडा तर जुळतच नाहीत.

सरळ जुळणारच नाहीत, आणि इथे पहिल्याच आठवड्यात भांडणं होतात. ऑर्डर आली की साईट आपला आकडा लगेच कमी करते, पण माल पॅकिंगला जाईपर्यंत मांडणीवरच असतो. म्हणून साईटवर दिसणारा आकडा, अधिक आलेल्या पण अजून न बांधलेल्या ऑर्डरी, एवढे नग मांडणीवर हवेत. साईटवर ११ आणि ५ बाटल्यांची ऑर्डर बांधायची बाकी असेल तर मांडणीवर १६ असायला हव्यात. तात्या १६ मोजतात, साईटवर ११ बघतात आणि म्हणतात, "पाच जास्त आसत, दुकानाक देतंय." त्या पाच कुणाच्या तरी विकत घेतलेल्या असतात.

मोजणीत कमी भरलं तर कुणीतरी चिठ्ठीशिवाय उचललं, नाहीतर फुटलेली बाटली लिहिली नाही. जास्त भरलं तर बहुधा एखादी रद्द झालेली ऑर्डर मांडणीवर परत आली आणि आकडा वाढवायचा राहिला, किंवा बांधलेल्या पार्सलमध्ये एक नग कमी गेला. ही दुसरी शक्यता आधी तपासा, कारण तिकडे गिऱ्हाईक वाट बघत असतं. भाषणात हे तोंडी सांगून भागत नाही. मांडणीसमोर नेऊन, हाताने बाटल्या मोजून दाखवा.

नमुन्यादाखल एखादं भाषण द्याल का?

वरच्या घरासाठी केलं तसं, थोडं छाटून देते. आधी काका:

"बसा सगळी. चाय घेतलात ना? जास्त बोलत नाही. माझ्या बापाने ह्या खळ्यात आमसुलं वाळवली, मी दुकान टाकलं, आता ह्याने मोबाईलवर दुकान काढलंय. ते मला पूर्ण कळतं असं मी म्हणणार नाही. पण दोन गोष्टी माझ्याकडून ऐका. साईटवरच्या ऑर्डरीचं काही अडलं तर ह्याला विचारायचं, मला नाही. तो सांगेल ते माझंच सांगणं समजा. आणि साईटच्या मांडणीवरचा माल मी स्वतःसुद्धा परस्पर उचलणार नाही. चुकून उचलायला सांगितलाच, तर तात्या, तुम्ही मला नाही म्हणायचं. सगळ्यांसमोर सांगतोय. कुणाचं काम जाणार नाही, तेही सांगून ठेवतो. आता तू बोल."

मग पुतण्या:

"सोमवारपासून साईट चालू. पहिले तीन महिने फक्त पाच वस्तू: आगळ, आमसूल, काजूगर, आंबा पोळी, मालवणी मसाला. आंब्याच्या पेट्या ह्या वर्षी साईटवर नाहीत. नासणारा माल आपण हात बसल्यावर घेऊ.

तात्या, तुमच्याकडे एक नवी गोष्ट. गोडाऊनच्या डाव्या अंगाची मांडणी साईटची. रोज दुकान उघडायच्या आधी तिथले नग मोजून वहीत लिहायचे. मोबाईल मी बघेन, वही तुम्ही.

वहिनी, काउंटरला माल कमी पडला तर साईटच्या मांडणीला हात लावण्याआधी मला एक हाक. मी आकडा खाली केला असं सांगितलं, की चिठ्ठी लिहून घ्या. मी नसेन तर फोन. फोन लागला नाही तर गिऱ्हाइकाला 'संपलं' म्हणा. चालेल. त्याबद्दल तुम्हाला कुणी बोलणार नाही.

काकी, तुम्ही चौघी. रोज ११ वाजेपर्यंत आलेल्या ऑर्डरी त्याच दिवशी बांधायच्या, ११ नंतरच्या उद्या. ऑर्डरीची चिठ्ठी मराठीत निघेल. खोका बंद करण्याआधी आतल्या मालाचा एक फोटो. दुकानाच्या फोनवर, आपल्या नाही.

दादा, टेम्पो चारला निघेल. पार्सल दिल्याची पावती संध्याकाळी माझ्या टेबलावर.

तक्रारीचा फोन कुणीही उचलला तरी उत्तर एकच: 'नाव, नंबर सांगा, आजच्या आज आमच्याकडून फोन येईल.' चूक कुणाची ते फोनवर बोलायचं नाही. आता चला, एक ऑर्डर खरीच टाकून बघू."

शेवटच्या वाक्यानंतर तिथल्याच कुणाच्या तरी फोनवरून खरी ऑर्डर टाकतात, खरे पैसे भरतात, चिठ्ठी निघते, काकी खोका भरतात आणि सगळे बघतात. भाषणात न सुचलेले प्रश्न तेव्हा बाहेर येतात. एका ठिकाणी चिठ्ठी काढायच्या यंत्राचा कागदच आणलेला नव्हता, ते चालू दिवशी कळण्यापेक्षा बैठकीत कळलं ते बरं.

आमच्या पॅकिंगच्या बायकांना इंग्रजी वाचता येत नाही. "माका ह्या कळाचा नाय" म्हणतात. काय करू?

त्यांचं बरोबर आहे, तुमची चिठ्ठी चूक आहे. साईटवर वस्तूचं नाव इंग्रजीत असलं तरी पॅकिंगच्या चिठ्ठीवर मराठी नाव आणता येतं. साईट करून देणाऱ्याकडून ते बैठकीच्या आधी करून घ्या. त्यापुढे जाऊन प्रत्येक वस्तूला एक रंगाची टिकली द्या. मांडणीवर लाल टिकली, बाटलीवर लाल टिकली, चिठ्ठीवर आगळाच्या ओळीत "लाल" हा शब्द. गडबडीत आगळ आणि सरबताची बाटली सारखीच दिसते, वाचता येणारेही फसतात.

पॅकिंगची जबाबदारी म्हणून नेमकं काय सांगायचं?

"नीट बांधा" हे सांगणं नव्हे. नीट बांधायला त्या वर्षानुवर्षं बांधतच आल्या आहेत. फरक एवढाच, की दुकानातून नेलेली बाटली गिऱ्हाईक मांडीवर घेऊन जातं, आणि साईटवरून गेलेली बाटली घाट चढते, ट्रकमध्ये आडवी पडते, तिच्यावर दुसऱ्याचं खोकं बसतं.

आगळाचं दुखणं गळती. त्यात मीठ भरपूर, वर आंबट. एक बाटली पाझरली की पुठ्ठा भिजतो, लेबलं सुटतात आणि शेजारची आमसुलाची पिशवी ओली होते. म्हणून बांधण्याच्या आदल्या संध्याकाळी बाटल्या झाकण खाली करून रद्दीवर ठेवायच्या. सकाळी कागदावर लाल ठिपका दिसला तर ती बाटली साईटला नाही. बाहेर काढायची, झाकण बदलायचं, वहीत लिहायचं. ही चाचणी ज्या काकी करतील त्यांचं नाव भाषणात घ्या, आणि "ही बाटली जाणार नाही" म्हणायचा अधिकार त्यांचा आहे हेही सांगा. एरवी पुतण्या घाईत "जाऊ दे गं" म्हणतो आणि ती जाते. द्रवपदार्थ घेतो का हे कुरिअरवाल्याला आधीच विचारून ठेवा. सगळेच घेत नाहीत.

दुसरी गोष्ट खोक्याची, आणि हिच्यात थेट पैसे आहेत. बरेच कुरिअरवाले खोक्याचं वजन आणि त्याचं आकारमान, यातलं जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. आकारमान काढायची त्यांची रीत बहुधा अशी: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायची. दोन बाटल्यांचं पार्सल समजा २.२ किलोचं आहे. ते ३० × २५ × २० च्या खोक्यात घातलं तर १५,००० भागिले ५,०००, म्हणजे ३ किलोचे पैसे. तेच ३० × २० × १५ च्या खोक्यात बसलं तर हिशेब १.८ चा येतो, म्हणजे खऱ्या वजनाचे, २.२ किलोचेच, पैसे. बायकांना हा गुणाकार शिकवत बसू नका. दोनच मापाचे खोके आणा, भिंतीवर लिहा की कुठल्या ऑर्डरला कुठला, आणि "मोठा खोका घेतला तर आपण हवेचे पैसे भरतो" एवढं सांगा. हे वाक्य लगेच लक्षात राहतं. तुमच्या कुरिअरवाल्याचा भागाकार कितीचा आहे ते मात्र त्याच्याकडून लेखी घ्या.

मालाच्या तारखेबद्दल भाषणात बोलावं का? आम्ही जुना माल आधी काढतोच.

दुकानासाठी तेवढं पुरतं. ऑनलाईन अन्नपदार्थ विकणाऱ्यांसाठी एफएसएसएआयचं सांगणं असं आहे, की माल गिऱ्हाइकाच्या हातात पडताना त्याच्या एकूण मुदतीपैकी ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. आंबा पोळीवर तुम्ही सहा महिन्यांची मुदत छापली असेल तर १८० दिवसांचे ३० टक्के म्हणजे ५४ दिवस. त्यात पार्सल पोचायचा आठवडा धरा, ६१ झाले. म्हणून तात्यांना सांगायचं ते इतकंच: ज्या पोळीची मुदत संपायला दोन महिने उरले, ती साईटच्या मांडणीवरून उतरवून दुकानात द्या. तिथे ती रीतसर विकता येते, माल वाया जात नाही. उतरवताना क्रम तोच, आधी आकडा खाली.

पावसाळ्यात तारखेवरही विसंबू नका. आमसूल ओल धरतं, पोळी चिकट होते, तारीख काहीही म्हणो. मांडणी भिंतीपासून हातभर पुढे घ्या.

तक्रारींचं काम कुणाला द्यावं?

एकाच माणसाला, आणि भाषणात नावाने. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण करणाऱ्याचं नाव आणि संपर्क साईटवर लावावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. मालक कौतुकाने स्वतःचं नाव लावतात आणि मग शिमग्याला पालखीबरोबर आठ दिवस गावात असतात. ४८ तास पालखीसाठी थांबत नाहीत. जो रोज दुकानात असतो त्याचं नाव लावा. या घरात ते काम वहिनींकडे गेलं, कारण गिऱ्हाइकाशी गोड बोलून मुद्द्यावर आणायचं काम त्या आधीपासून करत होत्याच. मात्र ठरावीक रकमेपर्यंतचे पैसे कुणाला न विचारता परत करायची मुभा त्यांना द्यावी लागली. ती नसती तर त्यांच्या हातात नुसता फोन राहिला असता.

पॅकिंगचा फोटो इथे कामाला येतो. "एक बाटली कमी आली" असा फोन आला की वहिनी फोटो बघतात आणि आपल्याकडून राहिली की वाटेत गेली ते कळतं. फोटो माणसांवर पाळत ठेवायला नाही, हे काकींना भाषणात स्पष्ट सांगा. न सांगितल्यास तसंच समजलं जातं.

"पगार वाढणार का?" असं कुणी मध्येच विचारलं तर?

विचारणारच, आणि कुणी विचारलं नाही तर घरी जाताना आपापसात बोलतील. उत्तर बैठकीआधी ठरवून ठेवा आणि विचारायच्या आत तुम्हीच सांगा. सध्याच्या वेळेत बसणारं काम असेल तर तसं म्हणा. ऑर्डरी वाढून थांबावं लागलं तर त्या जादा वेळेचे पैसे किती आणि कधी मिळणार, तो आकडा सांगा. "बघू पुढे" हे उत्तर नव्हे. तात्यांची वही हे नवं काम आहे, त्याचं काहीतरी मोल लावा. आणि "आपण सगळे एकच कुटुंब" हे वाक्य पैशाच्या प्रश्नावर वापरू नका. समोरच्यांनी ते दरवर्षी दिवाळीत ऐकलेलं असतं.

कामासाठी त्यांनी स्वतःचे मोबाईल वापरले तर चालेल?

नको. एक दुकानाचा फोन घ्या, साधा चालेल. गिऱ्हाइकांचे पत्ते आणि नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये गेले की ते कुठे पुढे जातील ते तुमच्या हातात राहत नाही, आणि रात्री दहाला गिऱ्हाइकाचा फोन काकींच्या घरी वाजतो.

याच वेळी पैशांचं एक सांगून टाका. "पैसे पाठवले, हा बघा फोटो" असं म्हणून पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. खात्यात जमा दिसले तरच माल निघेल. आणि यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन किंवा ओटीपी मागणारा फोन आला की ठेवून द्यायचा.

बैठक कधी घ्यावी?

नोव्हेंबर ते जानेवारी. फेब्रुवारीत काजू सुरू होतो, मार्चपासून आंबा, एप्रिल-मेमध्ये रातांबे, मग कुणाला मान वर करायला सवड नसते. गणपतीच्या आधी तर नकोच. अर्धी माणसं माटवीच्या तयारीत आणि चाकरमान्यांच्या पाहुणचारात असतात. दिवसातली वेळ सकाळच्या चहानंतरची, जागा गोडाऊनमध्येच. हॉल घेऊ नका.

लाईट गेली, नेट गेलं, घाट बंद झाला तर? हेही भाषणात?

थोडक्यात. लाईट गेली तर ऑर्डरी पुतण्याच्या फोनवरून वहीत उतरवायच्या आणि चिठ्ठी हाताने लिहायची. कोरी चिठ्ठीपुस्तकं जूनआधी आणून ठेवा. घाट बंद झाला किंवा सणाची सुट्टी असली, की साईटवर "पार्सल उशिरा निघेल" ही ओळ लावायची. ती कोण लावणार त्याचं नाव आणि तो गावाला गेला असेल तर दुसऱ्याचं नाव, दोन्ही सांगा. घरच्या धंद्यात गणपतीला मालक आणि कामगार दोघंही सुट्टीवर असतात. त्या दिवसांत साईटचा आकडाच शून्य करणं मला जास्त बरं वाटतं.

भाषण लिहून वाचावं का?

काकांनी तोंडी बोलावं. पुतण्याने नावं आणि कामं कागदावर घ्यावीत, कुणाचं राहून गेलं तर ते माणूस मनात धरतं. टेम्पोवाला हमखास विसरला जातो.

नंतर कागदावर काय द्यायचं?

प्रत्येकाला त्याच्या कामाचं एकच पान, मराठीत, मोठ्या अक्षरात. सगळ्यांची कामं एका पत्रकात छापून वाटू नका, कुणी वाचत नाही. तात्यांचं पान मांडणीलाच टांगा, काकींचं पॅकिंगच्या टेबलावर, वहिनींचं टेलिफोनजवळ. पंधरा दिवसांनी त्याच जागी पुन्हा बसा. या वेळी बोलायचं माणसांनी, लिहून घ्यायचं पुतण्याने, आणि पानांवर जे खोडायचं ते तिथेच पेनाने खोडा.